सुई टोचली, आता पुढे काय? हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णाला वापरलेली सुई हाताला टोचली की सगळ्यांच्या मनात पहिलं नाव एचआयव्हीचं येतं. त्याच सुईवर तीन वेगवेगळे विषाणू असू शकतात आणि प्रत्येकाचं घड्याळ वेगळं चालतं. एचआयव्हीसाठी तास मोजावे लागतात, हिपॅटायटिस बीसाठी पहिला दिवस महत्त्वाचा असतो आणि हिपॅटायटिस सीसाठी काही आठवडे थांबून तपासावं लागतं. ही उत्तरं नर्स, लॅब टेक्निशियन, इंटर्न आणि सफाई कर्मचारी यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. औषधांचा अंतिम निर्णय समोरच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे, पण त्यांच्याकडे कोणत्या प्रश्नांची उत्तरं घेऊन जायचं आणि किती घाई करायची, हे इथे कळेल.

सुई आत्ताच टोचली आहे. सगळ्यात आधी काय करू?

हातातलं काम थांबवा, सुई सुरक्षितपणे शार्प्सच्या डब्यात टाका, हातमोजे काढा आणि जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. एवढंच. बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालून चोखायचं नाही. पिळल्याने विषाणू बाहेर पडतो असा पुरावा नाही, उलट आजूबाजूच्या पेशींना इजा होते. ब्लीच, स्पिरिट किंवा आयोडीन ओतून जखम भाजून काढण्याचाही उपयोग नाही.

रक्त डोळ्यात उडालं असेल तर साध्या पाण्याने किंवा सलाइनने डोळा भरपूर धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती तशीच ठेवून आधी धुवा, मग लेन्स काढून पुन्हा धुवा. तोंडात गेलं असेल तर थुंका आणि अनेक चुळा भरा.

त्यानंतर लगेच कळवा. ‘राउंड संपल्यावर सांगते’ किंवा ‘ड्युटी संपल्यावर बघू’ यात जे पाच-सहा तास जातात, ते परत मिळत नाहीत. न कळवण्यामागे बहुतेक वेळा भीती नसते, ओरडा बसेल हा संकोच असतो. तो फार महागात पडू शकतो.

तिघांपैकी सर्वांत जास्त धोका कशाचा?

लस न घेतलेल्या माणसाला सर्वांत मोठा धोका हिपॅटायटिस बीचा. ज्याच्या रक्ताची सुई टोचली त्या रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल आणि त्याचा ई-अँटिजेनही पॉझिटिव्ह असेल, म्हणजे विषाणू जोरात वाढत असेल, तर संरक्षण नसलेल्या १०० जणांपैकी ३७ ते ६२ जणांच्या रक्तात नंतर संसर्गाच्या खुणा सापडतात. ई-अँटिजेन निगेटिव्ह असेल तर हाच आकडा २३ ते ३७ आहे. यातल्या सगळ्यांना कावीळ होत नाही. अनेकांना संसर्ग झाल्याचं कळतही नाही.

हिपॅटायटिस सीचा धोका जुन्या पुस्तकांत १.८ टक्के लिहिलेला आढळेल. नंतरच्या मोठ्या पाहण्यांमध्ये तो सुमारे ०.२ टक्के, म्हणजे ५०० मध्ये एक इतका कमी दिसला आहे.

एचआयव्हीचा धोका सुमारे ०.३ टक्के, म्हणजे साधारण ३०० मध्ये एक. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडालं तर तो ०.०९ टक्क्यांपर्यंत खाली येतो. हे आकडे पॉझिटिव्ह रुग्णाच्या रक्ताचे आणि प्रतिबंधक औषध न घेतलेल्यांचे आहेत. औषध वेळेवर घेतलं तर धोका आणखी घटतो.

म्हणजे आपण ज्याला सर्वांत जास्त घाबरतो तो विषाणू सुईवाटे सहज पसरणारा नाही आणि जो सहज पसरतो त्याच्यावर चांगली लस आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो, त्यामुळे ‘रक्त सुकलं होतं’ या कारणाने त्याला सोडून देता येत नाही.

सगळ्या सुया सारख्याच धोक्याच्या असतात का?

नाही. पोकळ सुईच्या पोटात रक्त राहतं, टाके घालायच्या भरीव सुईवर ते फक्त बाहेरून चिकटलेलं असतं. भरीव सुई हातमोज्यातून आत जाताना त्यातलं बरंच पुसलंही जातं.

एचआयव्हीबाबत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासाने हा फरक स्पष्ट केला. अमेरिका, फ्रान्स, ब्रिटन आणि इटली इथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची माहिती त्यात होती. जखम खोल असेल तर संसर्गाची शक्यता सुमारे १५ पट, उपकरणावर रक्त डोळ्यांना दिसत असेल तर सहा पट आणि सुई रुग्णाच्या शिरेत किंवा धमनीत जाऊन आलेली असेल तर चार पट वाढलेली आढळली. रुग्ण एड्सच्या शेवटच्या टप्प्यात असेल तरही धोका वाढतो, कारण तेव्हा रक्तातला विषाणू फार असतो. याच अभ्यासात फक्त झिडोव्ह्युडिन हे एक औषध घेतलेल्यांमध्ये धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी दिसला. आजच्या तीन औषधांच्या उपचारामागचा हा महत्त्वाचा आधार आहे.

म्हणून डॉक्टर तुम्हाला सुईचा प्रकार, किती आत गेली, रक्त आलं का, रक्त घेतानाची होती की इंजेक्शनची, हे सगळं खोदून विचारतात. ती तुमची उलटतपासणी नाही. त्यावरूनच औषध द्यायचं की नाही हे ठरतं.

रुग्णाची तपासणी करायची की सुईची?

रुग्णाची, त्याला समजावून आणि त्याची संमती घेऊन. सुई तपासायला पाठवून काहीही कळत नाही, शिवाय ती हाताळताना दुसऱ्याला टोचते.

रुग्णाच्या रक्तात तीन गोष्टी बघायच्या: एचआयव्हीची जलद चाचणी, हिपॅटायटिस बीचा संसर्ग आहे का हे दाखवणारी एचबीएसएजी आणि हिपॅटायटिस सीची चाचणी. हिपॅटायटिस सीसाठी शक्य असेल तर फक्त अँटिबॉडी न बघता विषाणूचा आरएनए बघणं चांगलं. कारण अँटिबॉडी तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि प्रतिकारशक्ती खूप कमी झालेल्या रुग्णात ती दिसतही नाही.

टोचलेल्या माणसाचं रक्तही त्याच दिवशी घ्यायचं: एचआयव्ही, एचबीएसएजी, हिपॅटायटिस बीपासून संरक्षण किती आहे हे सांगणारा अँटी-एचबीएस टायटर, हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृतासाठी एसजीपीटी आणि लागू असेल तर गरोदरपणाची चाचणी. ‘माझं कशाला?’ असं अनेकजण म्हणतात. पुढे एखादी चाचणी पॉझिटिव्ह आलीच, तर ती या जखमेमुळे आली की आधीपासून होती, हे फक्त याच पहिल्या रक्तावरून सांगता येतं. नुकसानभरपाईचा प्रश्न आला तरी हाच कागद कामाला येतो.

एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध किती वेळात सुरू करायला हवं? रिपोर्टची वाट बघू का?

वाट बघू नका. शक्यतो दोन तासांच्या आत पहिली गोळी पोटात जायला हवी. ७२ तासांनंतर साधारणपणे हे औषध सुरू करत नाहीत. पण ७२ तास ही शेवटची मर्यादा आहे. ‘तीन दिवस आहेत, आरामात बघू’ असा तिचा अर्थ मुळीच नाही.

कारण विषाणूच्या प्रवासात आहे. तो आत शिरल्यावर आधी जखमेजवळच्या पेशींमध्ये असतो, तिथून लसिकाग्रंथींमध्ये जातो आणि मग सगळ्या शरीरात पसरतो. तो पेशीच्या जनुकांमध्ये स्वतःला कायमचा शिवून घेण्याआधी औषध रक्तात असलं पाहिजे. एकदा ते घडलं की आजची औषधं त्याला दाबून ठेवतात, उपटून काढत नाहीत.

जखम धोक्याची वाटत असेल तर पहिली गोळी घ्या आणि रिपोर्ट नंतर बघा. रुग्ण निगेटिव्ह निघाला आणि नुकताच संसर्ग झाल्याचा संशय नसेल, तर औषध तिथेच बंद करता येतं. एक-दोन गोळ्या जास्तीच्या गेल्याने काही बिघडत नाही.

रुग्ण एचआयव्हीवरचे उपचार, म्हणजे एआरटी, नियमित घेत असेल आणि त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, चाचणीत सापडत नसेल, तर धोका अतिशय कमी असतो. अशा वेळी औषध द्यायचं की नाही, याबद्दल वेगवेगळ्या देशांच्या मार्गदर्शक सूचना सारख्या नाहीत. तो निर्णय ताजा रिपोर्ट बघून डॉक्टरांशी बोलून घ्यायचा. ‘गोळ्या चालू आहेत’ हे ऐकीव वाक्य त्यासाठी पुरेसं नाही.

कोणत्या गोळ्या असतात आणि किती दिवस घ्यायच्या?

सध्या जगात सर्वाधिक वापरला जाणारा संच म्हणजे टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम. तिन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात, रोज एक, असे २८ दिवस. गोळी रोज एकाच वेळी घ्यावी. जेवणाआधी की नंतर, याने फरक पडत नाही. ज्या रुग्णाची औषधं लागू पडेनाशी झाली आहेत त्याच्या रक्ताची सुई असेल, तर संच बदलावा लागतो आणि तिथे तज्ज्ञाचा सल्ला हवाच. पण त्या सल्ल्यासाठी पहिली गोळी थांबवायची नाही.

जुन्या संचांनी लोक उलट्यांनी हैराण व्हायचे आणि अर्ध्यावर सोडून द्यायचे. या गोळीने मळमळ, डोकेदुखी किंवा झोप न लागणं एवढंच बहुधा होतं आणि तेही काही दिवसांत कमी होतं. झोपेचा त्रास असेल तर गोळी सकाळी घ्या.

पित्तासाठीचं अँटासिड, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी डोल्युटेग्राव्हिरला आतड्यातच पकडून ठेवते आणि ते रक्तात कमी उतरतं. म्हणून डोल्युटेग्राव्हिर अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायचं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, कारण डोस बदलावा लागतो. गरोदरपणातही हे प्रतिबंधक औषध देता येतं.

मी हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे. मग मला काळजी नको ना?

लस घेणं आणि लस लागू पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निरोगी प्रौढांपैकी शंभरातल्या पाच ते दहा जणांमध्ये तीन डोस घेऊनही पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होत नाही. ती झाली की नाही हे शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर करून कळतं. १० किंवा त्याहून जास्त आकडा आला तर लस लागली.

एकदा पूर्ण कोर्सनंतर असा आकडा कागदावर नोंदलेला असेल, तर पुढे काही वर्षांनी तो १० च्या खाली गेला तरी चालतं. शरीराला विषाणूची ओळख राहिलेली असते आणि संपर्क आला की अँटिबॉडी पुन्हा वेगाने वाढतात. अशा व्यक्तीला सुई टोचल्यावर हिपॅटायटिस बीसाठी काहीच करावं लागत नाही.

अडचण होते ती तीन डोस घेऊन टायटर कधीच न केलेल्यांची, आणि असे लोक खूप असतात. त्यांचा टायटर आज ५ आला, तर तो पूर्वी जास्त होता आणि आता उतरला, की लस लागलीच नव्हती, हे कुणालाच सांगता येत नाही. मग सुरक्षित बाजू धरून उपचार द्यावे लागतात. माझ्या मते प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याच्या फायलीत लसीच्या तारखांबरोबर हा एक आकडा असायलाच हवा.

इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे काय? ते कुणाला देतात?

ती हिपॅटायटिस बीविरुद्धच्या तयार अँटिबॉडी असतात. लस शरीराला लढायला शिकवते, पण त्याला आठवडे लागतात. इम्युनोग्लोब्युलिन त्याच दिवशी काम सुरू करतं आणि काही महिन्यांत ओसरतं. रुग्ण एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल किंवा त्याच्याबद्दल काहीच माहीत नसेल, आणि टोचलेल्या व्यक्तीला संरक्षण नसेल, तर ते देतात. प्रचलित डोस किलोमागे ०.०६ मिलिलिटर असतो, पण बाजारातली तयारी वेगवेगळ्या ताकदीची असते, म्हणून बाटलीवरचे युनिट बघूनच डोस ठरवायचा.

लस न घेतलेल्याला इम्युनोग्लोब्युलिन आणि लसीचा पहिला डोस एकाच दिवशी, पण वेगवेगळ्या जागी देतात. शक्यतो २४ तासांत. सुई टोचल्यानंतर सात दिवस उलटले तर इम्युनोग्लोब्युलिनचा किती उपयोग होतो हे सिद्ध झालेलं नाही. लसीचे दोन पूर्ण कोर्स घेऊनही ज्यांना ती लागली नाही, त्यांना इम्युनोग्लोब्युलिनचे दोन डोस एक महिन्याच्या अंतराने देतात.

हिपॅटायटिस सीसाठी काहीच औषध का देत नाहीत?

कारण लस नाही, इम्युनोग्लोब्युलिनचा उपयोग नाही आणि विषाणूविरोधी गोळ्या आगाऊ देण्याची शिफारस केली जात नाही. संसर्गाची शक्यता मुळातच फार कमी आहे, झाला तरी काहींमध्ये तो आपोआप जातो आणि राहिला तर ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. म्हणून इथे लक्ष ठेवायचं आणि वेळेवर पकडायचं. तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान आरएनए आणि चार ते सहा महिन्यांनी अँटिबॉडी. ‘काही दिलं नाही’ याचा अर्थ दुर्लक्ष केलं असा घेऊ नका. फक्त तारखा चुकवू नका.

एखादं उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगाल का?

समजा, ५० किलो वजनाची एक शिकाऊ लॅब टेक्निशियन आहे. सकाळी १०:२० वाजता शिरेतून रक्त घेतल्यावर सुईला टोपण परत लावताना सुई हातमोज्यातून तर्जनीत गेली आणि रक्त आलं. पोकळ सुई, शिरेत जाऊन आलेली, रक्त दिसणारी. वर सांगितलेल्यांपैकी बऱ्याच खुणा इथे आहेत.

तिने हात धुतला आणि लगेच कळवलं. ११ वाजता तिचं रक्त घेतलं, रुग्णाला समजावून त्याचंही घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता तिला पहिली गोळी दिली. दुपारी कळलं की रुग्ण एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, त्याला हे पहिल्यांदाच कळत होतं आणि कोणतेही उपचार चालू नव्हते. एचबीएसएजीही पॉझिटिव्ह. हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी निगेटिव्ह. तिने लसीचे तीन डोस घेतले होते, पण टायटर कधी केला नव्हता. आज तो ४ आला.

एचआयव्हीसाठी २८ दिवसांचा कोर्स ठरला. हिपॅटायटिस बीसाठी तिला संरक्षण आहे असं धरता येत नाही, म्हणून त्याच संध्याकाळी इम्युनोग्लोब्युलिन दिलं. किलोमागे ०.०६ मिलिलिटरच्या हिशोबाने ३ मिलिलिटर. लसीचा डोस दुसऱ्या दंडात आणि पुढचे डोस एक व सहा महिन्यांनी. गोळीतली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन्ही औषधं हिपॅटायटिस बीच्या विषाणूवरही चालतात, पण म्हणून इम्युनोग्लोब्युलिन टाळायचं नसतं.

इथे तिचं स्वतःचं एचबीएसएजी निगेटिव्ह होतं, हे फार महत्त्वाचं. ते पॉझिटिव्ह असतं तर २८ दिवसांनी गोळी बंद केल्यावर दबलेला हिपॅटायटिस बी उसळून यकृताला सूज येण्याची भीती असते, आणि मग गोळी बंद करण्याआधी यकृततज्ज्ञाला विचारावं लागलं असतं.

हिपॅटायटिस सीबाबत लगेच सुटकेचा नि:श्वास टाकला नाही. उपचार न घेतलेल्या एचआयव्ही रुग्णात अँटिबॉडी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून त्याच्या रक्ताचा आरएनए केला. तो सापडला नाही, तेव्हा तो विषय तिथे संपला.

नवव्या दिवशी मळमळ आणि जळजळ सुरू झाल्यावर ती गोळीबरोबरच अँटासिड घ्यायला लागली होती. फोनवर ‘आणखी काय घेतेस?’ असं विचारल्यावरच ते कळलं. गोळी सकाळी आणि अँटासिड संध्याकाळी असं ठरवून कोर्स पूर्ण झाला.

पुढच्या तपासण्या कधी आणि सुटलो असं कधी म्हणायचं?

चौथ्या पिढीच्या चाचणीने, म्हणजे अँटिजेन आणि अँटिबॉडी दोन्ही बघणाऱ्या चाचणीने, एचआयव्ही सहा आठवड्यांनी आणि बारा आठवड्यांनी तपासतात. काही ठिकाणी शेवटची तारीख थोडी पुढे असते, तिथला नियम पाळा. औषध चालू असताना निगेटिव्ह आलेल्या चाचणीवर अवलंबून राहू नका. मोजणी कोर्स संपल्यानंतरच्या चाचणीची. मध्येच ताप, घसादुखी, अंगावर पुरळ, गाठी सुजणं असं काही झालं तर तारखेची वाट न बघता जा. बहुतेक वेळा तो साधा व्हायरल ताप असतो, पण तपासूनच ते म्हणायचं.

हिपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजी आणि संसर्ग होऊन गेला का हे दाखवणारी अँटी-एचबीसी सहा महिन्यांनी. लस लागली का हे बघणारा टायटर शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी करतात, पण इम्युनोग्लोब्युलिन घेतलं असेल तर सहा महिने जाऊ द्यावे लागतात. नाहीतर बाहेरून दिलेल्या अँटिबॉडीच मोजल्या जातात आणि लस लागल्याचा खोटा दिलासा मिळतो.

या काळात घरच्यांना माझ्यापासून धोका आहे का?

एकत्र जेवण, मिठी, कपडे, बाथरूम, यातून काही होत नाही. रक्तदान मात्र शेवटच्या तपासणीपर्यंत करू नका. एचआयव्हीचा धोका असेल तर तोवर कंडोम वापरा आणि गर्भधारणा पुढे ढकला. बाळाला अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा. कामावरून घरी बसवण्याचं काही कारण नाही.

कचऱ्यात पडलेली अनोळखी सुई टोचली तर?

सफाई कर्मचारी हा प्रश्न नेहमी विचारतात. उघड्यावर पडलेल्या सुईतलं रक्त थोडं आणि वाळलेलं असतं, त्यामुळे एचआयव्हीचा धोका अत्यंत कमी आणि औषध सहसा लागत नाही. रुग्णालयाच्या कचऱ्यातली, ताजं रक्त दिसणारी सुई असेल तर गोष्ट वेगळी. ती वर सांगितलेल्या पद्धतीनेच हाताळायची. दोन्ही वेळा हिपॅटायटिस बीचा विचार करायचाच, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं हेही विचारायचं. एचआयव्हीच्या चर्चेत नेमकं तेच राहून जातं.